तीन सुरांपासून पुढे: रेकॉर्डरच्या गटासाठी एकच धून

«आमच्या शाळेच्या रेकॉर्डर गटात काही मुलांना जी, ए, बी एवढेच सूर येतात, काही दोन वर्षं वाजवताहेत. सगळ्यांना एकत्र वाजवता येईल अशी एक सोपी धून कशी बसवू?»

बीथोवनच्या नवव्या सिंफनीतली आनंदगीताची धून घ्या. सोप्रानो रेकॉर्डरवर जी हा सा धरला की जवळजवळ सगळी धून सा ते प मध्ये बसते. पहिली ओळ, चार-चार मात्रांचे खंड: ग ग म प | प म ग रे | सा सा रे ग | ग रे रे. दुसरी ओळ तशीच, फक्त शेवट रे सा सा.

ही मूळ धून मधल्या गटाला द्या. ग वरून म वर जाताना तर्जनी उचलून त्याच क्षणी मधलं बोट टेकवावं लागतं. तिथे मुलं हमखास अडखळतात, म्हणून ती जोडी वेगळी घोटून घ्या.

नवख्यांना लांब सूर द्या: सा चार मात्रा | सा तीन, रे एक | सा चार | सा दोन, रे दोन. दुसऱ्या ओळीचा शेवटचा खंड मात्र रे दोन, ग दोन असा करा. सगळेच सा वर थांबले तर शेवट पोकळ वाटतो. हा ग तो भरून काढतो.

तयार मुलांचा भाग धुनेच्या खालून जातो: सा सा रे ग | ग रे सा नी | प तीन, सा एक | सा दोन, नी दोन. इथला नी आणि प खालच्या सप्तकातला. दुसऱ्या ओळीचा शेवट नी दोन, सा दोन. तिसऱ्या खंडात धून रे वर येते तेव्हा खाली नी घालायचा मोह होतो. घालू नका. नवख्यांचा सा तेव्हा चालू असतो आणि दोन्ही सूर एकमेकांना खटकतात.

तिसऱ्या ओळीत (रे रे ग सा | रे गम ग सा | रे गम ग रे | सा रे प) नवख्यांना थांबवा. तयार मुलं खालचा प चारही खंड धरतील, प्रत्येक खंडाला नवा श्वास घेऊन. धुनेतला शेवटचा प मूळचा खालचाच आहे, पण मधल्या गटाला तो वरच्या सप्तकात वाजवू द्या. खालचा प किंचाळला तर आधी उजव्या अनामिकेखालची जोडभोकं पूर्ण झाकली आहेत का ते पाहा, मग फुंक कमी करायला सांगा. तो सूर मुळातच हलका असतो, तेव्हा धून वाजवणारी मुलं थोडी ठेवा आणि खालचा भाग जास्त जणांना द्या.

चौथी ओळ म्हणजे दुसरीच. सोळा मात्रा थांबलेली मुलं तिथे नेमकी परत आली पाहिजेत. त्यांच्यासाठी तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या प वर तुम्ही हात वर करा.