अण्णांच्या डोक्यावरचा फेटा

«बाबा, फॅमिली ट्रीसाठी मी पणजोबांचा फोटो शाळेत नेला, तर सगळे म्हणाले की ते शीख आहेत. त्यांनी डोक्यावर काय बांधलंय? त्याला काही नाव आहे का, की ते नुसतंच कापड आहे?»

प्रिय चिऊ,

त्याला नाव आहे. तो फेटा आहे, आणि आपल्या घरात त्याला पटकाही म्हणत. हे मी तुला फोनवर एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण तुझ्या प्रश्नातले शेवटचे चार शब्द मनात राहिले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझे पणजोबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. शेती निफाड तालुक्यात होती आणि माझे लहानपण नाशिकला पंचवटीत गेले, त्यामुळे अण्णा कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या कामासाठी शहरात आले की मुक्कामाला आमच्याकडे असत. सकाळी आंघोळ, पूजा आणि चहा झाला की ते मला हाक मारीत. मी ओसरीच्या एका टोकाला कापडाचा पदर धरून उभा राहायचो आणि दुसरे टोक त्यांच्या हातात असायचे. आठ मीटर कापड ओसरीवर मावत नसे, म्हणून मी पायऱ्या उतरून अंगणात जायचो. कापड ताणायचे, रुंदीत दुमडत दुमडत साधारण वीतभर पट्टी करायची आणि ती कुठेही सैल पडू द्यायची नाही, एवढे माझे काम होते. मी ढिलाई केली की अण्णा काही बोलत नसत, फक्त कापडाला एक हिसका देत.

मग ते पट्टीचे एक टोक दातांत धरीत आणि उरलेली पट्टी डोक्याभोवती फिरवू लागत. पहिला वेढा सरळ असे. पुढचा उजव्या बाजूने वर चढून डाव्या कानाकडे उतरे आणि त्याच्या पुढचा बरोबर उलट. त्यामुळे कपाळावर दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींना छेदून कोन तयार होई. कापड संपत आले की शेवट मागच्या बाजूला खोचायचा, दातांतले टोक सोडवून टाळूवर पसरायचे आणि तेही आत खोचायचे. लग्नकार्यात किंवा जत्रेत हेच टोक चुण्या घालून वर उभे केले जाई, तो तुरा. मागे पाठीवर कापड मोकळे सोडले तर तो शेमला. अण्णा रोज तुराही काढीत नसत आणि शेमलाही सोडीत नसत, कारण शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाला दोन्हींची अडचणच होते.

आता तू फोटो समोर घे. ही १९४८ सालची तसबीर आहे. साल मागच्या पुठ्ठ्यावर अण्णांच्याच अक्षरात लिहिलेले आहे, आणि नाशिकच्या मेनरोडवरच्या एका स्टुडिओत ती काढली, असे आजी सांगते. खुर्चीवर अण्णा आहेत, त्यांच्या शेजारी मोठी आई, म्हणजे तुझी पणजी, आणि मध्ये पांढऱ्या टोपीतले थोरले काका. मागे उभे असलेले वयस्कर गृहस्थ अण्णांचे वकील-स्नेही आहेत. त्यांच्या डोक्यावरही काही आहे, पण ते वेगळे आहे, आणि नाव ठरवायला त्या फरकाचाच उपयोग होतो.

वकीलसाहेबांच्या डोक्यावर पगडी आहे. पगडी रोज बांधत नाहीत. ती कारागिराने एकदाच साच्यावर बांधून, टाके घालून पक्की केलेली असते आणि टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवतात. म्हणून तिच्यातले पीळ बारीक आणि अगदी एकसारखे दिसतात, कड टणक असते, माथा बंद असतो आणि सगळा आकार कानांच्या वर, कपाळाच्या वरच्या भागावर बसतो. पुण्याच्या पगडीला तर पुढे चोच आणि वर जरीचे काम असते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अण्णांच्या डोक्यावर बघ. पट्ट्या रुंद आहेत, एकही दुसरीएवढी नाही, डाव्या बाजूची खालची घडी कानाच्या पाळीपर्यंत किंचित सरकली आहे आणि कपाळावर तो कोन आहे. हे त्याच दिवशी, त्याच डोक्यावर बांधलेले कापड आहे. आमच्या गावाकडे बोलताना कुणी त्याला पागोटे म्हणे, कुणी मुंडासे म्हणे, आणि त्यांना खोडून काढायची मला गरज वाटत नाही. पण फोटोखाली एकच शब्द लिहायचा असेल तर मी फेटा लिहीन.

तुझ्या वर्गातल्या मुलांना शीख का वाटले असावेत, हेही मला कळते. कपाळावरचा कोन शीख पगडीलाही असतो, आणि तुमच्या मेलबर्नच्या शाळेत डोक्याला कापड बांधणारी फक्त शीख मुलेच आहेत. तेवढ्या कोनावरून कुणालाच ठरवता येणार नाही. कापड सोडून आजूबाजूला पाहिले म्हणजे उलगडते. अण्णांची हनुवटी गुळगुळीत आहे, मिशा कातरलेल्या आहेत आणि कानामागे, मानेवर, केस अगदी बारीक कापलेले दिसतात. परंपरा पाळणारा शीख माणूस केस कापत नाही, त्याच्या पगडीखाली केसांचा अंबाडा असतो आणि बहुतेक वेळा कानही बरेचसे झाकलेले असतात. कुणी अण्णांना शीख समजले यात कमीपणा अजिबात नाही. फक्त ते नव्हते, आणि जो जे होता त्याला तेच म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

रंगाबद्दल तू विचारलेले नाहीस, पण आजीने तुला काळा फेटा म्हणून सांगितले असेल, कारण फोटोत तो काळाच दिसतो. मला आठवतो तो तांबडा. माझी आठवण एका बाजूला ठेवली तरी फोटोतच एक खूण आहे. मोठ्या आईच्या कपाळावरचे कुंकू बघ. ते लालच असणार, आणि फोटोत ते फेट्याइतकेच काळे उमटले आहे. त्या काळी लहान स्टुडिओंत फोटो लेप लावलेल्या काचेवर घेत, आणि बऱ्याच काचांवरचा तो लेप लाल रंगाला जवळजवळ दाद देत नसे. लाल वस्तूचे काचेवर जवळजवळ काही उमटतच नसे आणि छापताना ती काळी येई. कुंकू काळे आले आहे, याचा अर्थ ही तसबीर तशाच काचेवरची आहे, आणि म्हणून फेटा लाल असू शकतो. तो खरोखरच काळा असता तरी असाच दिसला असता, त्यामुळे नुसत्या फोटोवरून रंगाची खात्री होत नाही. ताई आत्याकडे याच फोटोची रंग भरलेली मोठी प्रत आहे आणि तीत फेटा भगवा आहे. पण तो रंग स्टुडिओतल्या रंगाऱ्याने हाताने भरलेला आहे, आणि त्याने फेटा पाहिलेला नव्हता.

आत्याच्या प्रतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्यात कानावर सरकलेली घडी दुसऱ्या बाजूला दिसते. तू दोन्ही प्रती शेजारी ठेवून अण्णांच्या कोटाची बटणे बघ. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते. आपल्याकडच्या प्रतीत तशी ती आहे, आत्याच्या प्रतीत नाही. म्हणजे ती प्रत काढताना काच उलटी ठेवली गेली. अण्णांच्या साध्या फेट्याचे नाव त्यामुळे बदलत नाही, पण शिंदेशाही पगडीसारखी एका अंगाला कललेली पगडी असती तर उलट्या प्रतीने आपल्याला पुरते फसवले असते. म्हणून जुन्या फोटोत डोक्याकडे बघण्याआधी बटणे बघावीत.

थोरल्या काकांच्या टोपीचे सोपे आहे. पांढरी, दोन्ही टोकांना निमुळती, बाजूची पट्टी वर दुमडलेली आणि काढली की घडी होऊन खिशात मावणारी ती गांधी टोपी. ती १९२० च्या आसपास आली आणि वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या डोक्यावर अशी रुळली की माझ्या लहानपणी लोक तिला नुसते टोपी म्हणत. बापाच्या डोक्यावर फेटा आणि मुलाच्या डोक्यावर टोपी, हे एकाच फोटोत आले आहे. काकांनी पुढे आयुष्यभर टोपीच घातली. तुझ्या आजोबांनी बोडके राहणे पसंत केले, आणि अण्णांनी त्यांना त्यावरून कधी टोकले नाही.

इथे माझे मन थोडे अडखळते. मला फेटा बांधता येत नाही. ताणून धरता येतो, तेवढेच मी शिकलो. आत्याच्या मुलाच्या लग्नात आपण सर्वांनी फेटे बांधले तेव्हा ते बांधायला माणूस बोलावला होता, आणि लहान मुलांसाठी शिवून तयार केलेले आणले होते. तुझ्याही डोक्यावर तसलाच होता आणि तो टोचतो म्हणून तू तो जेवायच्या आधी काढून ठेवलास. काहींच्या मते असल्या तयार फेट्यात काही अर्थ नाही. मला तसे म्हणवत नाही, कारण रोजचे डोके झाकणे संपले तेव्हा बांधायची सवयही संपली, आणि ती मी तुझ्यावर मेलबर्नमध्ये लादावी असे मला वाटत नाही. तरीही तुझ्या वर्गात अण्णांच्या डोक्याकडे बघून कुणी चुकीचे नाव घेतले आणि तुझ्याजवळ बरोबर नाव नव्हते, हे मला लागले. तो दोष तुझा नाही. ते नाव तुला मी आधीच द्यायला हवे होते.

शाळेत पुन्हा जाऊन सांगायचे की नाही, हे तू ठरव. फोटोखाली ओळ लिहायची असेल तर अशी लिही: «अण्णा, फेटा बांधलेले, तुरा आणि शेमला नाही, रंग बहुधा लाल. नाशिक, १९४८.» त्यातला बहुधा हा शब्द गाळू नकोस. आणि आजीला तसबीर फ्रेममधून काढून मागच्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवायला सांग, म्हणजे साल कुठून आले तेही तुला बाईंना दाखवता येईल.

तुझा,
बाबा