इंटरव्ह्यू झाला, आता दादाला काय सांगू?

"माझं नाव ज्यांनी पुढे केलं त्यांना काय तोंड दाखवू? सिलेक्शन झालं असतं तर पेढे घेऊन गेले असते, आता फोन करायलाच लाज वाटते."

वाळपईची एक मुलगी, केमिस्ट्रीत एमएस्सी. वहिनीच्या भावाने, ज्याला ती दादा म्हणते, वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्यूसीसाठी, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायच्या कामासाठी, तिचा सीव्ही एचआरला दिला होता. इंटरव्ह्यू झाला, आठवड्याने नकाराची मेल आली आणि पुढे तीन आठवडे ही गप्प. चवथीला तो घरी येणार म्हटल्यावर हिची झोप उडाली, म्हणून माझ्याकडे आली.

मी विचारलं, "दादाने तुला नोकरी देतो म्हटलं होतं का?"

"नाही हो. फक्त नाव दिलं."

"मग त्याचं काम कधी संपलं?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "सीव्ही दिला तेव्हाच." तेवढ्यात खांदे खाली आले तिचे. मला हे क्षण ओळखता येतात, वीस वर्षं तेच तर करतेय! माझं मत असं की आपण आभार निकालाच्या हाती देऊन ठेवतो, निकाल बिघडला की आभारही अडकतात आणि समोरचा रागावलाय हे आपणच ठरवून टाकतो.

खरं तर इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळीच दोन ओळी टाकायच्या. कोणी घेतला, साधारण काय विचारलं, निकाल कधी कळवतो म्हणाले आणि तुमच्यामुळे संधी मिळाली, थँक्यू. एवढंच. "जरा आत विचारून बघा ना" हे त्यात घालायचं नाही, त्याने तो माणूस अवघडतो. निकाल आला की त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी कळवायचं. दुसरीकडे ऑफर घेतली असेल तर एचआरला कळवायच्या आधी त्याला सांगायचं, कारण त्याला ते ऑफिसात दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर वाईट दिसतं.

हिला उशीर झाला होता, पण सबबी लिहू नको म्हटलं. माझ्यासमोरच टाईप केलं, चार वेळा पुसून: "दादा, कळवायला उशीर झाला, चुकलंच. सिलेक्शन नाही झालं. एचपीएलसीच्या प्रश्नांवर अडकले, मशीन हाताळलेलं कमी होतं. तुम्ही नाव दिलं म्हणून तिथपर्यंत पोचले, मनापासून थँक्यू." कुठे अडकले ते मीच मुद्दाम लिहायला लावलं. पुढच्या वेळी तो कोणाशी बोलला तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी हवं ना, नुसतं 'नाही झालं' घेऊन तो काय करणार.

पाठवलं आणि फोन उलटा ठेवला तिने. मी चहा सांगितला. चहा यायच्या आधीच फोन वाजला. बऱ्याच कंपन्यांत नाव सुचवणाऱ्याला एचआर पुढचं काही सांगत नाही, तसंच इथेही झालं होतं.

दादाने लिहिलं होतं, "अगो, मला वाटलं तू इंटरव्ह्यूला गेलीसच नाय. मी एचआरसमोर गप्प होतो. चवथीला ये, एचपीएलसीचं बघूया."