खांब 35 वर तुटला पाहिजे

प्रश्न: नववीच्या मुलांचे गणिताचे 100 पैकी गुण शिक्षकसभेत आलेखाने दाखवायचे आहेत. हिस्टोग्राम काढू की बॉक्स प्लॉट? आणि गट 5 चे घेऊ की 10 चे?

हिस्टोग्राम. 5 चे गट, 0 पासून सुरू करून, म्हणजे 35 ही रेष आपोआप खांबाच्या काठावर येते. घाईत असाल तर एवढ्यावर थांबा. पुढचं मी माझ्यासाठीच लिहितोय, कारण याच गोष्टीवरून एका सभेत माझी अख्खी तुकडी काठावरची ठरली होती आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

तेव्हा माझ्याकडे नववीची एक तुकडी होती, 60 मुलं. सहामाहीचे गुण दोन्ही भाग आणि अंतर्गत धरून 100 पैकी. आमचे पर्यवेक्षक सर तंत्रज्ञानाचे शौकीन. त्यांनी सगळ्या तुकड्यांचे गुण एक्सेलमध्ये टाकून 10-10 च्या गटांचे हिस्टोग्राम काढले आणि भिंतीवर पाडले. माझ्या तुकडीत सगळ्यात उंच खांब होता 30 ते 40 चा, 13 मुलांचा. त्यावर लेझरचा लाल ठिपका फिरवत सर म्हणाले, "सर, तुमची सगळ्यात जास्त मुलं काठावर आहेत." शेजारच्या तुकडीचा उंच खांब 60 ते 70 मध्ये होता. त्या तुकडीचे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मी घरी येऊन गुणपत्रक काढलं आणि हातानं मोजलं. 30 ते 39 मध्ये 11 मुलं, 60 ते 69 मध्ये 13. म्हणजे माझाही उंच खांब 60 वरच होता! मग भिंतीवर उलटं कसं दिसलं?

एक्सेलचा हिस्टोग्राम गटाची वरची सीमा गटातच धरतो, म्हणून. त्याच्या लेखी 40 गुण मिळालेला मुलगा 30-40 च्या खांबात आणि 60 वाला 50-60 च्या खांबात. आपण नववी-दहावीच्या पोरांना बरोबर उलटं शिकवतो: असमावेशक पद्धतीत वरची सीमा पुढच्या वर्गात जाते, 40 हा 40-50 मध्येच. माझ्या तुकडीत दोघांना नेमके 40 होते आणि चौघांना नेमके 60. दोघं खाली घसरून 30-40 च्या खांबात आले, 11 चे 13 झाले. चौघं 60 वरून खाली गेले. वर नेमके 70 वाला एक जण 60-70 मध्ये उतरला, म्हणून 13 चे 10 झाले. 60 किंवा जास्त मिळवलेली मुलं 25 होती, आलेख बघणाऱ्याला ती 21 दिसली. एकाही मुलाचा एकही गुण न बदलता तुकडीचं चित्र पालटलं.

आणि गोल आकड्यांवर मुलं जास्त असतात हा काही योगायोग नसतो. 58-59 चा पेपर हातात आला की आपण पुन्हा एकदा चाळतो आणि कुठेतरी पायरीचा अर्धा-एक गुण सापडतो. त्यामुळे गटाची सीमा कुठल्या बाजूला मोजली जाते हा प्रश्न गुणांच्या बाबतीत क्षुल्लक नाही, कारण नेमकी सीमेवरच गर्दी असते.

आता 35 कडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. 10 चा गट घेतला की 30-40 च्या एकाच खांबात नापास आणि पास दोघं बसतात. बघणारा समजतो, यातले निम्मे तरी गेले असणार. मी दुसऱ्या दिवशी आलेख कागद घेतला, आडव्या रेषेवर 0 ते 100 गुण मांडले आणि एकेका मुलासाठी त्याच्या गुणावर एकेक फुली मारत गेलो. 29 पर्यंत फुल्या आल्या, एकूण 11. मग 30, 31, 32, 33, 34 साफ कोरं. आणि 35 वर एकावर एक 8 फुल्यांचा मनोरा.

तो मनोरा मीच बांधला होता, नाकारत नाही. 31 ते 34 मधली पोरं उचलून 35 वर ठेवायची हे आपण सगळेच करतो. पोलंडमध्ये शालान्त परीक्षेला, मातुराला, 30 टक्क्यांवर पास करतात. तिथल्या पोलिश भाषेच्या पेपरचे एकेका गुणाचे आलेख प्रसिद्ध झाले तेव्हा 30 च्या अलीकडे खड्डा आणि 30 वर सुळका असंच दिसलं होतं. मुद्दा असा की भिंतीवरच्या त्या 13 मुलांच्या खांबात एकही नापास नव्हता. नापास झालेली माझी सगळी मुलं 30 च्या खाली होती. आणि त्या सभेत जादा तास ठरले ते कुणासाठी? "30 ते 40 वाल्यांसाठी." म्हणजे पास झालेल्या 13 जणांना सकाळी सातला बोलावलं आणि ज्या 11 जणांना खरी गरज होती ती घरी झोपली होती.

5 च्या गटात हेच गुण असे दिसतात, 15 पासून वर: 2, 4, 5, 0, 11, 4, 3, 3, 3, 8, 5, 4, 3, 2, 2, 1 आणि शेवटी 0. नुसते आकडे वाचले तरी चित्र उभं राहतं. 20-30 मध्ये एक छोटा घोळका, मग रिकामी जागा, 35 चा सुळका, मध्ये दरी, 60 वर दुसरी टेकडी.

ती दरी महत्त्वाची आहे आणि बॉक्स प्लॉट नको म्हणतो तो तिच्यामुळेच. याच 60 मुलांचा बॉक्स प्लॉट काढा. सगळ्यात कमी 17, पहिलं चतुर्थक 35, मध्यक 51, तिसरं चतुर्थक 66, सगळ्यात जास्त 92. पेटी 35 ते 66 आणि मधली रेष जवळजवळ बरोबर मध्ये. बघणारा म्हणेल, छान समतोल तुकडी आहे, बहुतेक मुलं पन्नाशीच्या आसपास. पण 50 ते 59 मध्ये माझी फक्त 6 मुलं होती! पेटीच्या मधोमध जिथे नजर जाते तिथेच मुलं सगळ्यात विरळ. दोन वेगवेगळ्या तुकड्या एका खोलीत बसल्यासारखी ती तुकडी होती आणि बॉक्स प्लॉटला ते सांगताच येत नाही, कारण त्याच्याकडे पाचच आकडे असतात. सुट्टे ठिपके तरी दिसतील म्हणावं, तर तेही नाही. ठिपका पडायला पेटीच्या लांबीच्या दीडपट बाहेर जावं लागतं; इथे पेटी 31 ची, दीडपट 46.5, म्हणजे वरची हद्द 112.5 आणि खालची शून्याच्याही खाली. 100 पैकी गुणांत तिथे कोण पोचणार?

गटाच्या रुंदीची सूत्रं नेटवर सापडतील, तीही मी लावून बघितली. फ्रीडमन-डायकोनिस यांचं 1981 चं सूत्र म्हणतं, चतुर्थकांमधल्या अंतराची दुप्पट करा आणि मुलांच्या संख्येच्या घनमुळानं भागा. 62 भागिले 3.9, म्हणजे जवळपास 16. शून्यापासून 16-16 चे गट पाडले तर खांब येतात 11, 17, 14, 13, 5. एकच गुळगुळीत टेकडी! दरी बुजली, सुळका बुजला, पास-नापासची रेष एका खांबाच्या पोटात गेली. सूत्र चुकीचं नाही. ते सलग मोजमापांसाठी आहे, आणि 35 ला पास करायचा शाळेचा नियम त्याला माहीत नाही.

रुंदी पूर्णांकच ठेवा, हे मात्र पाळाच. गुण पूर्णांकात आणि गट 2.5 चा घेतला तर पहिल्या गटात 0, 1, 2 असे तीन गुण बसतात, दुसऱ्यात 3 आणि 4 असे दोनच, पुन्हा तीन, पुन्हा दोन. खांब कंगव्यासारखे उंच-बुटके होतात आणि माणूस त्यात अर्थ शोधत बसतो. रुंदी संगणकावर सोडली की असले आकडे हमखास येतात.

एक्सेलमध्येच करायचं असेल तर त्याचा तयार हिस्टोग्राम सोडा. D स्तंभात D2 पासून 0, 5, 10 असं 95 पर्यंत लिहा आणि शेवटी 100 ऐवजी 101, नाहीतर पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा आलेखातून गायब होईल. गुण B2 ते B61 मध्ये आहेत असं धरून E2 मध्ये हे टाका आणि 95 च्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
=COUNTIFS(B$2:B$61,">="&D2,B$2:B$61,"<"&D3)
```

मग साधा स्तंभालेख काढून Gap Width 0% करा. FREQUENCY वापरत असाल तर सीमा 35, 40 अशा देऊ नका, तेही वरची सीमा आत धरतं. 34, 39 अशा द्या. अर्धे गुण देत असाल तर 34.5, 39.5.

आता थोडं मागे घेतो. बॉक्स प्लॉट सगळीकडे निरुपयोगी नाही. आठ तुकड्या किंवा पाच वर्षं शेजारी शेजारी ठेवायची असतील तर आठ हिस्टोग्राम कुणी बघत नाही, तिथे पेट्याच बऱ्या; फक्त आधी प्रत्येकीचा हिस्टोग्राम तुम्ही स्वतः बघून घ्या. 5 चा गटही 100 पैकी गुण आणि 50-60 मुलं असतील तेव्हाचा. 20 गुणांच्या घटक चाचणीला 1 किंवा 2 चा गट घ्या. पंचवीसेक मुलं असतील तर खांब नकोतच, माझ्यासारख्या फुल्या मारा. आणि अख्ख्या केंद्राचे हजारभर गुण हाती असतील तर एकेका गुणाचा खांब काढून बघा, मात्र तो सभेत दाखवण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा.

मी विचारलं नव्हतं. फुल्यांचा कागद शिक्षकखोलीत टेबलावर ठेवला. सरांनी बराच वेळ बघितला, 35 वरच्या मनोऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बाहेर दाखवू नका." जादा तासांची यादी मात्र त्यांनी बदलली नाही. परवा एका लग्नात भेटले, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मी विचारलं, "सर, 40 वाला मुलगा कुठल्या खांबात?" तर म्हणाले, "एक्सेल सांगेल त्या."