तंबाखूची सुकवणी : निकोटिन शेतात ठरते, नायट्रोसामाइन कुठे?

पेटलाद-बोरसदच्या बाजूला गेलो की तंबाखूच्या झाडांचे शेंडे खुडलेले दिसतात. फुलावर आलेले झाड असे का मोडतात?
(वाघोडिया रोड)

फूल आणि बी हे झाडाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, पण शेतकऱ्याला हवे असते फक्त पान. कळी दिसू लागताच शेंडा खुडला की जे अन्न बियांत गेले असते ते पानांत उतरते आणि पान जाड, जड व चिकट होते. चरोतरातल्या एखाद्या मजुराचे हात या दिवसांत पाहिले, तर पानावरच्या केसांतून पाझरणाऱ्या डिंकाने ते काळे झालेले दिसतील. हा डिंक साध्या पाण्याने सहज निघत नाही.

निकोटिनचा हिशेब मात्र पानात सुरूच होत नाही. ते तयार होते मुळांत, तिथून पाण्याबरोबर वर चढते आणि पानांत साठते. शेंडा खुडणे ही झाडाच्या दृष्टीने जखम असते. जखमेचा संदेश मुळांपर्यंत गेला की मुळे अधिक निकोटिन बनवू लागतात, कारण झाडासाठी ते किडीविरुद्धचे हत्यार आहे. खुडल्यावर पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात. तेही वेळच्या वेळी काढले नाहीत, तर खुडण्याचा निम्मा फायदा वाया जातो.

दुसरी गोष्ट खताची. बिडीच्या तंबाखूला नत्र भरपूर देतात, हेक्टरी १५० किलोंहून अधिक. सिगारेटच्या पिवळ्या तंबाखूला त्यामानाने बरेच कमी देतात. नत्र वाढले की निकोटिन वाढते, आणि त्याबरोबर पानाच्या मधल्या शिरेत नायट्रेटही साठते. या नायट्रेटकडे पुन्हा यावे लागणार आहे.

बिडीची तंबाखू उन्हात सुकवतात, सिगारेटची भट्टीत. यामुळे निकोटिन कमी-जास्त होते का?
(दांडिया बाजार)

थोडे होते, पण लोक समजतात तेवढे नाही. कडक तंबाखू कडक असते ती वाण, खत, खुडणी आणि पानाची जागा यांमुळे. वरची पाने खालच्यांपेक्षा नेहमीच अधिक कडक असतात.

टक्केवारीने मात्र फसगत होते. समजा एक किलो हिरवी पाने घेतली. त्यांत साधारण ८५० ग्रॅम पाणी आणि १५० ग्रॅम कोरडा भाग आहे, आणि निकोटिन आहे ६ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ४ टक्के. हे पान सावलीत, वाऱ्यावर, सहा आठवडे सुकू दिले तर तोडल्यानंतरही ते बरेच दिवस जिवंत असते, श्वसन करते आणि स्वतःतील पिष्ट व साखर जाळून टाकते. कोरडा भाग १५० वरून १२५ ग्रॅमवर आला आणि निकोटिनही घटून ५.५ ग्रॅम झाले, असे धरू. आता प्रमाण ४.४ टक्के येते. निकोटिन कमी झाले आणि टक्केवारी वाढली! हे आकडे उदाहरणासाठी सोपे करून घेतले आहेत, पण निरनिराळ्या सुकवणीच्या तंबाखूंची तुलना करताना नेमकी हीच गफलत होते.

भट्टीतला प्रकार वेगळा. तिथे पहिले दीड-दोन दिवस पान ३५ ते ३८ अंश सेल्सिअसला, दमट हवेत ठेवतात. या काळात पिष्टाची साखर होते आणि हिरवा रंग जाऊन पिवळा येतो. मग तापमान हळूहळू ५५ अंशांच्या आसपास नेऊन पात वाळवतात आणि शेवटी ७० अंशांच्या पुढे नेऊन मधली शीर. सारे काम पाच ते सात दिवसांत आटोपते. साखर जळून जाण्याआधीच पान मरते, म्हणून ती पानातच राहते.

या साखरेमुळे सिगारेटचा धूर किंचित आम्ल राहतो आणि घशाला कमी झोंबतो. तो सहज खोल ओढता येतो, हाच त्याचा धोका. उलट साखर संपलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो. अशा धुरातले निकोटिन मोकळ्या रूपात असते आणि तोंडातूनच झपाट्याने रक्तात उतरते. तंबाखूला चुना लावणारा माणूसही रसायनशास्त्र न शिकता तेच साधतो : निकोटिन तेवढेच राहते, पण लवकर लागते.

कर्करोग करणारे पदार्थ हिरव्या पानातच असतात की सुकवताना तयार होतात?
(कारेलीबाग)

यांतील एक मोठा गट सुकवतानाच तयार होतो, आणि तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. निकोटिन आणि त्याची भावंडे, विशेषतः नॉरनिकोटिन, यांची नायट्राइटशी गाठ पडली की तंबाखूतच आढळणारी नायट्रोसामाइन्स तयार होतात. त्यांतल्या एनएनएन आणि एनएनके या दोघांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. निकोटिनचे नाव त्या यादीत नाही. व्यसन त्याचे, पण कर्करोगाचा आरोप त्याच्यापासून बनणाऱ्या या संयुगांवर आणि धुरावर येतो.

शेतातल्या हिरव्या पानात ही संयुगे जवळजवळ नसतात. नायट्रेट असते, निकोटिन असते, पण नायट्राइट नसते आणि पेशींच्या भिंतींनी सगळे आपापल्या कप्प्यांत बंद असते. पान पिवळे होऊन तपकिरी होऊ लागते तेव्हा पेशी फुटतात आणि आतला रस मोकळा होतो. पान अजून ओलसर असते. पानावर आधीपासून असलेल्या जिवाणूंना हे आयते अन्न मिळते. त्यांतले काही नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि नायट्राइट शेजारीच असलेल्या निकोटिन-नॉरनिकोटिनला जाऊन भिडते. पिवळेपणाच्या अखेरीपासून पान पुरते तपकिरी होऊन कोरडे पडेपर्यंतचा हा काळ सर्वांत घातक. तो जितका लांबेल आणि जितका दमट असेल, तितकी नायट्रोसामाइन्स अधिक. मधली शीर सर्वांत शेवटी वाळते आणि नायट्रेटही तिथेच जास्त असते, हा योग वाईटच म्हणायचा.

म्हणून सावलीत, वाऱ्यावर सुकणाऱ्या बर्ले तंबाखूत ही संयुगे बहुधा जास्त सापडतात. शिवाय बर्लेच्या काही झाडांत एक एन्झाइम सुकवणीच्या वेळी जागे होते आणि निकोटिनचे नॉरनिकोटिन करते. त्यापासूनच एनएनएन बनते. बियाणे उत्पादक आता अशी झाडे तपासून वगळतात, आणि माझ्या मते या क्षेत्रातल्या सुधारणांत ही सर्वांत शहाणी आहे, कारण ती शेतकऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून नाही.

भट्टीत पान लवकर वाळते आणि धूरही लागत नाही. मग भट्टीच्या तंबाखूत नायट्रोसामाइन यायचे कारणच काय?
(रावपुरा)

आपला तर्क बरोबर आहे, पण अमेरिकेत नेमका इथेच घोटाळा झाला होता. जुन्या भट्टीत लाकूड वा कोळसा बाहेरच्या चुलीत जळे आणि धूर लोखंडी नळातून फिरून धुराड्याने निघून जाई. पानाला लागे ती फक्त नळाची उष्णता. १९७० च्या दशकापासून तिथे प्रोपेन गॅसचे बर्नर आले. गॅस स्वच्छ जळतो, काजळी धरत नाही, मग नळाचा खर्च कशाला, असा विचार करून ज्वाळेवरची गरम हवा सरळ पानांमधून सोडली जाऊ लागली. पान सोनेरी, सुरेख निघे.

काजळी नव्हती, पण ज्वाळेत हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनची नायट्रोजन ऑक्साइडे होतात. ती ओलसर पानातल्या निकोटिनशी थेट जुळली. जिवाणूंची गरजच उरली नाही. हे कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत भट्ट्यांना उष्णता-विनिमयक बसवण्यात आले. ज्वाळेचे वायू पुन्हा नळाच्या आत गेले आणि त्या तंबाखूतली नायट्रोसामाइन्स झपाट्याने खाली आली.

पुढेही दोष येतोच. विनिमयकाला चीर पडली तर वायू गुपचूप आत झिरपतात आणि पानाकडे पाहून काहीच कळत नाही. त्यासाठी भट्टीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. ताजे पान स्वतःही तो सोडते, म्हणून ही तपासणी रिकाम्या भट्टीत, बर्नर चालू ठेवून करावी लागते. बाहेरच्या हवेपेक्षा आकडा बराच जास्त आला, तर कुठेतरी गळती आहे.

आमच्या नातलगांची आणंदजवळ तंबाखूची वखार आहे. उन्हात सुकवलेला माल नैसर्गिक, म्हणून कमी अपायकारक, असे ते म्हणतात. खरे आहे का?
(मांजलपूर)

त्यांचे अर्धेच म्हणणे खरे आहे. चरोतरात कापणी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, पानावर तपकिरी ठिपके दिसू लागल्यावर होते. तेव्हा हवा कोरडी असते आणि ऊन चांगले असते, त्यामुळे पात लवकर वाळते. आगीवर, धुरात सुकवलेल्या तंबाखूवर लाकडाच्या धुरातले कर्करोग करणारे बेंझोपायरीन बसते, तसे उन्हाच्या पानावर बसत नाही. हा फायदा खराच.

पण पुढे काय होते ते पाहा. वाळलेले पान इतके ठिसूळ होते की हात लावताच चुरा होतो, म्हणून ते दवाने किंवा पाणी शिंपडून नरम करतात आणि ढीग घालतात. मधली शीर पुरती वाळलेली नसेल, किंवा पाणी जास्त झाले असेल, तर ढीग आतून तापतो आणि जिवाणूंचे काम पुन्हा सुरू होते. नातलगांना विचारा, ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर काय लागते? कोरडी थंड तंबाखू लागली तर ठीक. ऊब लागली, अमोनियाचा उग्र वास आला किंवा शीर वाकवल्यावर काटकन न मोडता लवली, तर तो माल पसरून वाळवायला हवा. बुरशीचा वास ही त्यापुढची पायरी.

वास आला नाही म्हणजे नायट्रोसामाइन नाही, असे मात्र समजू नये. त्यांना वास नाही, रंग नाही. ती प्रयोगशाळेतच मोजावी लागतात. आणि वखारीत ती शून्यावर आली, तरी बिडी पेटवल्यावर पेटत्या टोकाशी बेंझोपायरीन आणि त्याच्या जातीचे पदार्थ नव्याने तयार होतात. कोणत्याही सुकवणीचा त्यांवर इलाज चालत नाही.