क्रम लावणं आणि निवड करणं: ‘ट्रायाज’, ‘परिणाम’ आणि ‘हक्क’

*‘आउटकम-बेस्ड एथिक्स’ आणि ‘राइट्स-बेस्ड एथिक्स’ यांना मराठीत काय म्हणावं? गर्दीने भरलेल्या रुग्णालयात एआय वापरून ट्रायाज केलं तर या दोन नीतिविचारांत काय फरक पडतो, यावर निबंध लिहितेय. सध्या ‘फलाधारित’ आणि ‘अधिकाराधारित’ असं लिहिलंय. आणि ‘ट्रायाज’ला ‘प्राधान्य’ चालेल का?*

‘परिणामवादी’ आणि ‘हक्काधारित’ असं लिहा. पहिला विचार निर्णयातून काय निष्पन्न होतं ते पाहतो, दुसरा प्रत्येकाचा हक्क राखला गेला का ते. ‘ट्रायाज’ म्हणजे रुग्ण जास्त असताना कुणाला आधी उपचार द्यायचे ते ठरवणं. त्याला मात्र एकच शब्द घेऊ नका, दोन घ्या: ‘क्रम लावणं’ आणि ‘निवड करणं’. निबंधाचा विषयच त्या दोन शब्दांमधल्या फटीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मूळ फ्रेंच क्रियापद ‘त्रिए’, म्हणजे निवडून वेगळं करणं. हा शब्द लोकर आणि कॉफीच्या व्यापारात आधीपासून होता. युद्धातल्या जखमींसाठी तो पहिल्या महायुद्धाच्या काळात रुळला. जखमींची पद्धत मात्र त्याहून जुनी. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याने हुद्दा न पाहता ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी हात लावायचा, असा नियम घातला होता. म्हणजे या एका शब्दात दोन वेगळ्या कृती एकत्र आल्या. कॉफीचे दाणे निवडताना काही दाणे बाजूला पडतात आणि बाजूलाच राहतात. लारेच्या तंबूबाहेरचा सैनिक मागे पडतो, पण रांगेत असतो.

मराठीत या दोन कृतींना वेगळे शब्द आहेत. आपण क्रम ‘लावतो’ आणि निवड ‘करतो’. क्रमात शेवटच्यालाही जागा असते. निवडीत कुणीतरी निवडला जात नाही. ‘प्राधान्य’ हा शब्द ही रेषा पुसून टाकतो: एकाला प्राधान्य दिलं म्हणताना दुसऱ्याला नंतर मिळणार आहे की मिळणारच नाही, ते कळत नाही. ‘प्रतवारी’ तर टाळाच, ती मालाची करतात. ‘छाननी’ अर्जांची होते आणि तिच्यात अर्ज बाद होणं गृहीतच असतं.

आता हा फरक रुग्णालयात पाहा. आपत्कालीन विभागांत वापरल्या जाणाऱ्या मँचेस्टर ट्रायाज पद्धतीत पाच रंग आहेत आणि प्रत्येक रंगाला वेळ बांधलेली आहे: लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. निळा हा सगळ्यात सौम्य त्रासाचा रंग, पण त्यालाही चार तासांचा शब्द दिलेला आहे. हा खरा क्रम. एआय प्रणाली पडद्यावर बहुधा आकडा दाखवते: याला ७१, त्याला ३४. आकडा जास्त बारकाईचा वाटतो, पण त्याला घड्याळ जोडलेलं नसतं. गर्दीच्या दिवशी ३४ च्या माणसापुढे ५० चा येतो, मग ४५ चा, मग ६० चा. प्रत्येक वेळी यंत्राने क्रम बरोबरच लावलेला असतो आणि तरीही ३४ वाला सहा तास खुर्चीवर बसून राहतो. क्रम लावता लावता त्याची निवड कधी होऊन बसली, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण तशी निवड कुणी केलेलीच नसते. ओळखायचं कसं? नोंदीत सर्वांत कमी आकडे असलेल्यांचा प्रतीक्षेचा काळ वेगळा काढून बघायचा. सगळ्यांची सरासरी चांगली दिसते, दुखणं या शेपटीत असतं.

आता ‘फलाधारित’. ‘फल’ या शब्दाला मराठीत कर्माचा वास आहे. आपण केल्याचं फळ भोगतो. रुग्णाने काय केलं होतं, याचा या नीतिविचाराशी मुळात संबंध नाही, त्यामुळे वाचकाच्या मनात नको ती छटा येईल. ‘उपयुक्ततावाद’ रूढ आहे, पण तो परिणामवादाचा एक प्रकार. ‘परिणाम’ हा शब्द मला आणखी एका कारणाने आवडतो. तो वाक्यात आला की लगेच दोन प्रश्न विचारतो: कशाचा, आणि कशावर? ट्रायाजमध्ये नेमके हेच दोन प्रश्न विचारायचे राहून जातात.

उदाहरण घेऊ. अतिदक्षता विभागात एकच खाट आहे आणि रुग्ण तीन. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत. पहिल्या बाईंना खाट मिळाली नाही तर वाचण्याची शक्यता १०० त २०, मिळाली तर ५०. दुसऱ्या तरुणाची खाटेविना ६०, खाटेसह ८०. तिसऱ्या गृहस्थांची खाटेविना ५, खाटेसह १५. यंत्राला ‘कुणाला जास्त धोका आहे’ हे शिकवलं असेल, तर तिसरे गृहस्थ वर येतील. ‘खाट दिल्यावर कोण वाचेल’ हे शिकवलं असेल, तर तरुण वर येईल. आणि ‘खाटेचा परिणाम कुणावर सर्वांत मोठा’ असं विचारलं, तर ३०, २० आणि १० असा फरक निघतो आणि बाई वर येतात. तिन्ही यंत्रांना लोक ‘परिणामाधारित’ म्हणतील, पण ‘कशाचा परिणाम’ हा प्रश्न फक्त तिसऱ्याने विचारला. परिणामवादाशी प्रामाणिक असलेलं उत्तर तेच.

अडचण अशी की नेमका हा फरक यंत्राला शिकणं सर्वांत कठीण. जुन्या नोंदींत प्रत्येक रुग्णाची एकच वाट लिहिलेली असते. खाट मिळालेल्याचं खाटेविना काय झालं असतं, ते कुठेच नसतं. म्हणून बहुतेक वेळा यंत्र धोका सांगतं आणि आपण त्याला लाभ समजतो. शिवाय पूर्वी ज्या प्रकारच्या रुग्णांना खाट नाकारली गेली ते दगावले, तर यंत्र शिकतं की ‘असे रुग्ण वाचत नाहीत’ आणि पुढच्यालाही खाली ढकलतं. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करत राहतं.

मोजायला सोपी गोष्ट खऱ्या परिणामाच्या जागी बसवली की काय होतं, याचा पुरावा अमेरिकेतला आहे. ट्रायाजचा नव्हे, पण जवळचा. कुणाला जादा देखभाल द्यायची हे ठरवणाऱ्या, मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. प्रणाली आजाराची गरज मोजण्याऐवजी उपचारांवर होणाऱ्या खर्चाचं भाकीत करत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारपणात कमी खर्च होत आलेला, म्हणून ते कमी आजारी ठरले. ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं अभ्यासकांनी दाखवलं. ही परिणामवादाच्या घरातलीच चूक होती: परिणाम म्हणून चुकीची गोष्ट मोजली गेली. तुमच्या निबंधात ती परिणामवादाविरुद्धचा आक्षेप म्हणून घालू नका. परिणामवादीही तिच्यावर तितकाच चिडेल.

खरा वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो. त्या बाई ७० वर्षांच्या आणि तरुण ३० चा, असं धरा. पुढे बाईंची १० वर्षं आणि तरुणाची ४५ वर्षं मोजली, तर बाईंचा लाभ १० च्या ३० टक्के म्हणजे ३ वर्षं आणि तरुणाचा ४५ च्या २० टक्के म्हणजे ९ वर्षं. क्रम उलटला. हिशोबात काहीही चुकलेलं नाही आणि माहितीही शुद्ध आहे. तरी बाई विचारू शकतात, ‘माझा जीव कमी वर्षांचा म्हणून कमी मोलाचा कसा?’ हा प्रश्न परिणामांच्या भाषेत मांडताच येत नाही. त्याला ‘हक्क’ हा शब्द लागतो.

आणि म्हणूनच ‘अधिकाराधारित’ नको. मराठीत ‘अधिकार’ दोन्ही कामं करतो: नागरिकाचा अधिकार आणि अधिकाऱ्याचा अधिकार. ‘खाट देण्याचा अधिकार’ आणि ‘खाट मिळण्याचा अधिकार’ यांत एकाच शब्दाने परस्परविरुद्ध बाजू पकडल्या आहेत. तुमच्या विषयात तर यंत्राला काय ठरवू द्यायचं, हाही मुद्दा येणार. मी सरळ वाटणी करीन: यंत्राला किंवा डॉक्टरला अधिकार, रुग्णाला हक्क. अधिकार दिला जातो आणि काढून घेता येतो. हक्क मुळातच असतो, तो फार तर डावलला जातो. ‘रुग्णाचा हक्क डावलला’ हे कानाला बरोबर लागतं, ‘अधिकार डावलला’ म्हटलं की कुणा वरिष्ठाला न विचारता काम केल्यासारखं वाटतं.

पण हा हक्क कशाचा, तेही नेमकं लिहा. खाटेचा नव्हे. खाट एक आणि रुग्ण तीन असताना तिघांनाही खाटेचा हक्क म्हणणं पोकळ आहे. हक्क असतो तो कोणती कारणं आपल्याविरुद्ध वापरली जाऊ नयेत याचा. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने कोविडसाठी काढलेल्या सूचनांत, अतिदक्षता विभागात कुणाला घ्यायचं हे ठरवताना दुर्बलतेची मोजपट्टी वापरावी असं सुचवलं होतं. दैनंदिन कामांत मदत लागते म्हणजे माणूस दुर्बल, असं त्या मोजपट्टीवर दिसलं असतं, आणि ज्यांना जन्मापासून अपंगत्व आहे ते केवळ त्यामुळे खाली गेले असते. अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच मजकूर बदलला: दीर्घकाळचं स्थिर अपंगत्व असलेल्यांना ती पट्टी लावायची नाही. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं की ट्रायाजमध्ये अपंगत्वामुळे कुणी मागे पडू नये यासाठी कायदेमंडळाने विनाविलंब तरतूद करावी. दोन्ही ठिकाणी वाद एकूण किती जीव वाचले याचा नव्हता. कोणतं कारण वापरता येणार नाही, याचा होता.

एवढं झाल्यावर हक्काधारित विचाराची मर्यादाही मान्य करावी लागते. गैर कारणं बाजूला काढल्यावर तिघे समान उरले, तर कुणाला खाट द्यायची हे तो सांगत नाही. चिठ्ठ्या टाका म्हणतो, किंवा जो आधी आला त्याला द्या. आणि आधी येणं हेही निर्दोष नाही: जवळ राहणारा, वाहन असणारा, सोबत माणूस असणारा आधी पोचतो.

माझं मत विचाराल तर क्रम लावताना परिणामवाद पुरेसा आहे, फक्त प्रत्येकाच्या आकड्याला वेळेची कमाल मर्यादा आणि ठरावीक वेळाने फेरतपासणी जोडलेली हवी. निवड करायची वेळ आली की यंत्राने थांबून तसं जाहीर करावं. पुढचा निर्णय नाव असलेल्या माणसाचा असावा, आणि ज्याची निवड झाली नाही त्याला किंवा त्याच्या नातेवाइकांना त्याचं कारण समजेल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे. ‘तुमचा आकडा ३४ आला’ हे कारण नव्हे.

तेव्हा निबंधाचं शीर्षक मी असं करीन: ‘एआयने लावलेला क्रम, एआयने केलेली निवड: परिणामवादी आणि हक्काधारित विचार’. आणि ‘ट्रायाज’ हा शब्द पहिल्या परिच्छेदात एकदा येऊ द्या. डॉक्टर तोच वापरतात, वाचकाला ओळखीचा राहील.