भिंतीवरची दोन घड्याळे आणि एक लाल बटण

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. व्हिडिओ मीटिंगमध्ये कधी 'Waiting for the host' येते, कधी 'Meeting has ended' येते, आणि आपल्याच हातून काहीतरी बिघडले असे समजून ते घाबरतात. त्यांना शांतपणे कसे समजावून सांगावे?

उत्तर : सर्वप्रथम वडिलांना एवढेच सांगा की, या दोन्ही संदेशांमध्ये त्यांची चूक जवळजवळ कधीच नसते. चूक बहुतेक वेळा होस्टची, म्हणजे तुमची किंवा तुमच्या भावंडांची असते. हे मी थोडे रागाने लिहिते आहे, कारण आमच्या घरात या विषयावरून माझा आणि दादाचा वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

दादा न्यू जर्सीत असतो आणि मी आईसोबत साताऱ्यात. आई ७८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. दर रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता झूमवर सगळे भेटतात, कारण तेव्हा दादाकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी रविवारीच भाऊबीज आली. सव्वासातलाच मी तबक लावले होते, आईने इस्त्रीचे पातळ नेसले होते आणि टॅबलेट पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला होता. लिंक उघडली तर पडद्यावर आले : 'Waiting for the host to start this meeting'. पाच मिनिटे गेली, दहा गेली. आई बाहेर पडून पुन्हा आत येऊ लागली, टॅबलेट बंद करून चालू करू लागली. दादाचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता. निरांजनात मला दोनदा तूप घालावे लागले. शेवटी आई म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं बहुतेक," आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

बरोबर साडेआठ वाजता दादा हसतमुखाने हजर झाला. आम्ही तासभर ताटकळलो होतो हे कळल्यावर त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "आईला टेक्नॉलॉजी जमत नाही, तू तरी बघायचंस."

प्रत्यक्षात काय झाले होते, ते सांगते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे घेतात. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजले, तेव्हा न्यू जर्सीतली घड्याळे मागे गेली आणि आपल्यातले अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तास झाले. दादाच्या कॅलेंडरमध्ये मीटिंग 'सकाळी दहा' अशी नोंदलेली होती आणि ती दहालाच राहिली. आम्हाला मात्र त्याने व्हॉट्सॲपवर 'रविवारी संध्याकाळी साडेसात' असे केव्हातरी लिहून पाठवले होते, आणि लिहिलेले वाक्य आपोआप बदलत नाही. कॅलेंडरचे निमंत्रण पाठवले असते, तर आईच्या टॅबलेटवर वेळ आपोआप साडेआठ झाली असती. म्हणजे आमची साडेसातची वेळ ही त्याची सकाळी नऊची वेळ होती आणि तो तेव्हा आंघोळीला गेला होता.

आईला मी हे तिच्या शाळेच्या भाषेत सांगितले. लिंक म्हणजे वर्गाचा पत्ता आणि होस्ट म्हणजे ज्याच्याकडे किल्ली आहे तो. 'Waiting for the host' याचा अर्थ, तू योग्य वर्गापाशी आली आहेस, पण कुलूप अजून उघडलेले नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने कितीही कडी वाजवली तरी कुलूप उघडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बाहेर पडण्यात अर्थ नाही. होस्ट तुम्हाला लवकरच आत घेईल अशा अर्थाचा संदेश आला, तर ती वेगळी गोष्ट आहे : वेटिंग रूम चालू असल्यामुळे तो येतो. तेव्हा फक्त आतल्या माणसाने नाव पाहून दार उघडायचे उरलेले असते.

आता दुसरा संदेश, आणि तो मला जास्त लागला. त्याच संध्याकाळी ओवाळून झाल्यावर आई दादाला विचारत होती की, उन्हाळ्यात येणार का. तेवढ्यात दादाला मुलीला क्लासला सोडायचे आठवले, त्याने लाल बटण दाबले आणि आमच्या पडद्यावर आले : 'This meeting has been ended by host'. आई शिक्षिका, इंग्रजी नीट वाचते. ती म्हणाली, "होस्टने संपवली, म्हणजे त्यानेच बंद केली ना? माझा प्रश्न आवडला नसेल."

होस्टने बाहेर पडताना झूम दोन पर्याय देते, 'End Meeting for All' आणि 'Leave Meeting'. दादाने पहिला निवडला, म्हणजे वर्गात माणसे बसलेली असताना दिवे मालवून कुलूप लावले. दुसरा निवडून किल्ली माझ्याकडे दिली असती, तर आमचे बोलणे चालू राहिले असते. संदेशातले 'host' हे फक्त बटण कोणी दाबले ते सांगते, का दाबले ते सांगत नाही. आईला एवढे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. दादाला कळायला मात्र जास्त वेळ लागला.

मीटिंग मध्येच संपण्याचे आणखी एक कारण वडिलांना आधीच सांगून ठेवा. होस्टचे खाते फुकटचे असेल तर झूम ४० मिनिटांनी मीटिंग बंद करते. त्यानंतर तीच लिंक पुन्हा चालेल की नाही, हे ती कशी बनवली त्यावर अवलंबून असते. आधी ठरवून बनवलेल्या किंवा दर आठवड्याच्या लिंकने होस्ट पुन्हा दार उघडू शकतो. आयत्या वेळी नवीन बनवलेल्या मीटिंगचा नंबर मात्र तिथेच संपतो, होस्टचा कायमचा नंबर वापरला असेल तरच तो टिकतो. म्हणून अशा वेळी वडिलांनी काहीही न दाबता तुमच्या फोनची वाट पाहावी.

एक गंमत माझ्याही उशिरा लक्षात आली. दर आठवड्याची तीच लिंक असेल, तर मीटिंग होऊन गेल्यावर पोहोचलेल्या माणसालाही 'ended' दिसत नाही, पुन्हा 'Waiting for the host' च दिसते. कुलूप अजून उघडलेले नाही की लावून झाले आहे, हे दाराकडे पाहून कळत नाही, त्यासाठी घड्याळच पाहावे लागते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात. तेव्हा जुन्या साडेआठच्या सवयीने बसलेला माणूस बरोबर याच घोळात सापडतो.

म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवला : नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेआठ, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेसात. खाली लिहिले, 'पंधरा मिनिटांत दार उघडले नाही तर फोन करणे, टॅबलेटला हात न लावणे.' तुमची मीटिंग भारतातल्या भारतात असेल, तर वेळेचा हा भाग सोडून द्या आणि वडील जुन्या संदेशातली लिंक तर दाबत नाहीत ना, ते पाहा. इतर ॲपवर शब्द वेगळे असतील, पण किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न तोच राहतो.

९ मार्च २०२५ च्या आदल्या रात्री दादाचा निरोप आला : "आईला आठवण कर, उद्यापासून साडेसात." आईने माझ्या हातून फोन घेतला आणि स्वतः उत्तर टाइप केले, "भिंतीवर लिहिलेलं आहे. तू लाल बटण सांभाळ."