घरमालकांकडे भाड्याची मुदत कशी मागू?

"अचानक नोकरी गेली. या महिन्याचं भाडं थोडं उशिरा चालेल का, हे घरमालकांना कसं विचारू?"

भाड्याची तारीख उलटायच्या आधीच मेसेज करा आणि त्यात पैसे देण्याची पक्की तारीख लिहा. मी स्वतः घर भाड्याने देतो. "नोकरी लागली की देतो" यावर थांबणं जड जातं, मलाही हप्ता भरायचा असतो. तारीख ठरवताना खात्रीने येणारे पैसेच धरा. जुन्या कंपनीचा हिशेब २० तारखेला मिळणार असेल तर २५ लिहा, असले पैसे बऱ्याचदा रखडतात. मजकूर एवढा पुरे: "काका, माझी नोकरी गेली आहे. ५ तारखेला निम्मं भाडं देतो, उरलेलं २५ला. चालेल का?" होकार मात्र लेखी घ्या, तोंडी "बघू"वर करारातला उशिराचा दंड टळत नाही.